तुमच्या तोंडात साखर

नीरजाच्या उजव्या हाताची बोटं काळी पडली होती आणि घरात त्या बोटांवरून महाभारत चाललं होतं.

डाग सिल्व्हर नायट्रेटचे होते. बडोद्याच्या मांजलपूर भागातल्या एका शाळेत ती बारावीला रसायनशास्त्र शिकवायची. प्रॅक्टिकलचे दिवस आले की साखर ओळखायचं टॉलेन्सचं द्रावण रोज ताजं करावं लागे, कारण ते साठवून ठेवलं तर स्फोट होऊ शकतो. ते करताना सिल्व्हर नायट्रेटचा थेंब बोटाला लागलाच, तर तेव्हा काही दिसत नाही. उन्हात गेलं की कातडी काळी होते आणि आठवडाभर साबणाला भीक घालत नाही. दर वर्षीचंच होतं हे. पण या वर्षी घरात अमोघ होता, दहा महिन्यांचा, आणि अमोघला जुलाब थांबत नव्हते.

"हेच हात लावतेस ना पोराला?" सासूबाई म्हणायच्या. "ॲसिडचे, विषाचे हात."

"आई, मी हात धुते. आणि हे विष नाही, डाग आहे."

"डाग जात नाही म्हणजे आत काहीतरी आहे, बेटा. मी काही शाळेत शिकवत नाही, पण मला डोळे आहेत."

सासूबाईंचं, म्हणजे कांचनताईंचं, असं होतं की त्या कधी आवाज चढवत नसत. बडोद्यात जन्मलेल्या, बडोद्यातच सासर मिळालेल्या. मराठीत बोलता बोलता गुजराती "बेटा" आणि "चालशे" सहज यायचं. नातवावर त्यांचा जीव होता, हे मान्य करायलाच हवं. मुलगा सौमित्र नंदेसरीच्या कारखान्यात पाळ्या करायचा, सून शाळेत. दिवसभर पोर सांभाळायच्या त्याच. त्यामुळे पोराबद्दल बोलायचा पहिला हक्कही त्यांचाच, असं घरात न बोलता ठरून गेलं होतं. आणि एकदा न बोलता ठरलेली गोष्ट बोलून मोडता येत नाही.

नीरजाची पंचाईत अशी की सासूबाईंचा हिशेब वरवर अगदी बरोबर बसत होता. सहा महिने अमोघ अंगावरच्या दुधावर छान होता, गालावर लोणी चढलेलं. मग उष्टावण झालं, पेज आली, शिरा आला, केळं आलं. त्याच महिन्यात नीरजाची रजा संपून शाळा सुरू झाली. आणि त्याच महिन्यात पोटाचं सुरू झालं. पाण्यासारखे जुलाब, फुगलेलं पोट, लाल झालेलं बूड, रडून रडून बसलेला आवाज. दोनदा दवाखान्यात ठेवावं लागलं. तिथं तोंडाचं बंद करून सलाईन लावलं की गडी दोन दिवसांत हसायला लागायचा. घरी आणलं की पुन्हा तेच.

"तिथं बरा, इथं आजारी," सासूबाई म्हणाल्या. "मग इथं वेगळं काय आहे ते तूच सांग."

नीरजा काय सांगणार? तिच्याही मनात तेच यायला लागलं होतं. रात्री ती अमोघला कुशीत घ्यायची तेव्हा उजवा हात पाठीमागे ठेवायची. स्वतःच्या मुलाला एका हातानं जवळ घेणारी आई! ज्ञान वगैरे सगळं ठीक, पण रोज कुणी तुम्हाला विष म्हणायला लागलं की आपण आपलीच बोटं हुंगायला लागतो.

डॉक्टर प्राचींना दुधातल्या साखरेचा संशय आला होता. पोटात साखर पचली नाही तर ती तशीच बाहेर पडते, आणि पाणी ओढून नेते, मग जुलाब. त्यांनी शीची तपासणी लिहून दिली. रिपोर्ट आला: 'रिड्यूसिंग सबस्टन्सेस: निल.'

"म्हणजे साखरेचा प्रश्न नाही," प्राची म्हणाल्या. "काहीतरी जंतुसंसर्ग पुन्हा पुन्हा होतोय. स्वच्छता बघा. ओआरएसची पुडी देताय ना?"

"हो, रोज देते की," सासूबाई म्हणाल्या. "मी स्वतः बनवते."

"मग होईल बरा. काळजी करू नका."

"तुमच्या तोंडात साखर पडो," सासूबाई म्हणाल्या आणि नीरजाच्या बोटांकडे बघितलं. 'स्वच्छता बघा' हा शब्द त्यांनी पदराला गाठ मारून घरी आणला.

त्या आठवड्यात निकाल लागला. कोर्ट स्वयंपाकघरात भरलं होतं.

"रविवारी मी अमोघला घेऊन नवसारीला जाते, मोहनाकडे," सासूबाई म्हणाल्या. मोहना म्हणजे नीरजाची नणंद. "महिनाभर राहू. तिथं तो बरा झाला तर आपल्याला कळेल ना, काय ते."

नीरजानं सौमित्रकडे पाहिलं. सौमित्रनं ताटाकडे पाहिलं.

"महिनाभर? आईशिवाय?" ती म्हणाली. "सौमित्र, तू काही बोलणार आहेस की नाही?"

"तू नोकरी सोडली असतीस तर ही वेळ आली नसती," तो ताटालाच म्हणाला. "मी तरी काय करू? पोर वाळत चाललंय, नीरजा. काहीतरी करायला नको का?"

इकडे आड, तिकडे विहीर. नाही म्हणावं तर आईला पोरापेक्षा हट्ट मोठा. हो म्हणावं तर आपल्याच तोंडानं आपण गुन्हेगार. शिवाय तिकडे काही झालं तर? डोळे खोल गेलेले, टाळू खाली बसलेली. तिला सरळसरळ भीती वाटत होती, की हा नवसारीला गेला तर परत येणार नाही. हे कुणाला सांगावं तर म्हणतील, अभद्र बोलते. तिनं खिडकी लावून घेतली आणि पुन्हा उघडली. चौथ्या मजल्यावरच्या त्या फ्लॅटमध्ये जायला दुसरी जागाच नव्हती.

शनिवारी अर्धी शाळा. बारावीचं शेवटचं प्रॅक्टिकल होतं, साखरेच्या परीक्षा. नीरजा उभी राहून बोलत होती, पण मन बॅगेत होतं. सकाळी निघताना सासूबाई अमोघची झबली घडी करून बॅगेत ठेवत होत्या.

टेबलावर दोन नळ्या गरम पाण्याच्या भांड्यात उभ्या होत्या. दोन्हींत टॉलेन्सचं द्रावण, एकीत माल्टोज ही धान्यातली साखर, दुसरीत आपली रोजची चहाची साखर, सुक्रोज. माल्टोजची नळी आधी राखाडी झाली, मग आतून चकचकीत, आणि बघता बघता आरसा तयार झाला. पोरींनी त्यात केस नीट करून घेतले. साखरेची नळी होती तशीच, पाण्यासारखी. शेजारी फेहलिंगच्या निळ्या द्रावणाचीही तीच कथा: माल्टोजनं तांब्याचा विटकरी गाळ खाली बसवला, साखरेची निळी ती निळीच.

"मॅडम, दोन्ही साखराच ना?" रूपालीनं विचारलं. रूपाली म्हणजे वर्गातली शंकेखोर मुलगी. पाठ करून सोडायचं, हे तिला जमत नसे. "दोन्ही दोन दोन तुकड्यांच्या. मग ही का करते आणि ही का नाही?"

नीरजा दर वर्षी जे करायची तेच तिनं केलं. दोन मुलींना पुढं बोलावलं.

"या दोघी ग्लुकोज. प्रत्येकीचा उजवा हात कामाचा, म्हणजे पहिला कार्बन. तो मोकळा असेल तर रेणूचं कडं उघडतं, आतला अल्डिहाइड बाहेर येतो आणि चांदीला, तांब्याला इलेक्ट्रॉन देतो. हेच रिड्यूस करणं. आता माल्टोज करा. तू उजव्या हातानं हिचा डावा दंड धर. बरोबर. हिचा उजवा हात?"

"मोकळा!"

"म्हणून माल्टोज आरसा करतो. दोघींपैकी एकीचा हात मोकळा असला तरी पुरतो. आता साखर. ही ग्लुकोज, ही फ्रुक्टोज. फ्रुक्टोजचा कामाचा हात म्हणजे दुसरा कार्बन. जोडताना दोघी आपापला कामाचाच हात पुढं करतात. करा शेकहँड. घट्ट. सोडायचा नाही."

पोरी हसत हात धरून उभ्या राहिल्या.

"आता चांदीला कोण हात देणार? दोघींचेही अडकले. कडं उघडतच नाही."

नीरजा त्या हातांकडे बघत राहिली. दोघी बायका, दोघींचे हात एकमेकींत अडकलेले. ती पाणी प्यायली.

"पण मग मॅडम," रूपाली काही सोडेना, "नळीत साखर आहे हे कळणार कसं? टेस्ट तर म्हणते, साखर नाही."

"टेस्ट तसं म्हणत नाही. टेस्ट एवढंच म्हणते, की मोकळ्या हाताची साखर नाही. साखर असेल, भरपूर असेल, पण हात अडकलेली असेल तर टेस्टला ती दिसणा—"

वाक्य तोंडातच राहिलं.

निल.

रिड्यूसिंग सबस्टन्सेस, निल. तिनं तो कागद किती वेळा वाचला होता! रसायनशास्त्राची एम.एस्सी., दर वर्षी हाच धडा, आणि रिपोर्टवर 'निल' छापलेलं बघून तिनंही सगळ्यांसारखंच वाचलं होतं: साखर नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा. दुधातली साखर मोकळ्या हाताची असते, ती नव्हती म्हणून दूध सुटलं. पण पेजेतली साखर? शिऱ्यातली? तिला तर त्या नळीनं पाहिलंच नव्हतं.

"मॅडम? आता पुढं काय करायचं?"

"पुढं," नीरजा म्हणाली आणि तिचा आवाज तिलाच अनोळखी वाटला, "पातळ ॲसिड घालून उकळायचं. ॲसिड तो शेकहँड सोडवतं. मग सोडा घालून ॲसिड मारायचं, कारण फेहलिंगला आंबट चालत नाही. आणि मग पुन्हा परीक्षा घ्यायची. तुम्ही करा. टॉलेन्सचं उरलेलं पातळ ॲसिडमध्ये ओतून टाका, ठेवू नका. मला एक फोन करायचाय."

डॉक्टर प्राचींनी आधी नीट ऐकलंच नाही. मागं पोरं रडत होती. मग दार लावल्याचा आवाज आला.

"सुक्रोज," त्या म्हणाल्या. "साखर फोडणारं एन्झाइमच जन्मतः नसेल तर... थांबा. अंगावर होता तोवर बरा होता, नाही का? आणि सलाईनवर बरा." कागद चाळल्याचा आवाज आला. "ॲसिड घालून तपासायला मी सांगायला हवं होतं. लिहून पाठवते. नमुना ताजा हवा. खालच्या लॅबमध्ये घेऊन या, मी क्लिनिकमध्येच आहे."

नीरजानं स्कूटी कशी चालवली ते तिचं तिलाच माहीत. घरी पोचली तेव्हा सासूबाई ओट्यापाशी होत्या. समोर ओआरएसचं पाणी, आजोळहून आलेली अमोघची चांदीची वाटी आणि चमचा. आणि सासूबाई त्या पाण्यात साखर घालत होत्या. एक चमचा. दुसरा चमचा.

"आई, हे काय?"

"पुडीचं खारट लागतं ग त्याला. थुंकतो. दोन चमचे घातली की चाटूनपुसून पितो." त्या कौतुकानं हसल्या. "साखरेचं खाणार त्याला देव देणार."

नीरजाला सगळी साखळी दिसली. जुलाब झाले की पाणी, पाण्यात साखर, साखरेनं जुलाब. जितका आजारी तितकी साखर. औषधाची सिरपंही गोड. म्हणजे गेले चार महिने या घरात पोराला बरं करायचं म्हणून जे जे केलं, त्यानंच ते वाळत होतं.

तिनं भांडं उचलून सिंकमध्ये ओतलं.

कांचनताईंनी आयुष्यात पहिल्यांदा आवाज चढवला. "माझ्या हातातलं ओतलंस? पोराच्या तोंडचं?"

"आई, हीच साखर त्याला बाधतेय. मला त्याची ताजी शी हवी आहे, लॅबमध्ये न्यायची आहे. आत्ता."

"रिपोर्टात साखर नाही म्हणून लिहिलंय! डॉक्टरांनी सांगितलंय! तुला नवसारीचं मोडायचंय, मला कळतं."

"माझ्यावर विश्वास ठेवू नका," नीरजा म्हणाली. "माझ्याबरोबर चला. तुमच्या डोळ्यांसमोर तपासू दे. मी नळीला हातसुद्धा लावणार नाही. नाही निघालं काही, तर उद्या तुम्ही न्या त्याला. मी स्टेशनवर सोडायला येईन आणि सोमवारी राजीनामा देईन."

हे बोलून गेली आणि मग तिला कळलं, आपण काय बोललो. पण शब्द गेला होता. सासूबाईंनी झोळीतून अमोघला उचललं. नमुन्यासाठी वाट बघावी लागली नाही; हल्ली ती कधी बघावी लागतच नसे.

लॅबचा तंत्रज्ञ समरजित कामाला चोख आणि स्वभावाला तिरसट होता. डॉक्टरांची चिठ्ठी त्यानं फोनवर वाचली आणि म्हणाला, "मागच्या वेळी जी टेस्ट लिहिली होती ती केली. चूक नव्हती माझी."

"नव्हतीच," नीरजा म्हणाली. "फक्त या वेळी दुसऱ्या कुणाचाही एक नमुना बरोबर चालवा. ॲसिडनं उगाच लाल येत नाही ना, ते कळायला."

त्यानं भुवई उचलली. हे बोलणं त्याच्या ओळखीचं होतं. सकाळीच एका बाळाचा नमुना दुसऱ्या कामासाठी आला होता, त्यातला थोडा त्यानं घेतला. दोन्ही पातळ करून यंत्रात फिरवले, वरचं स्वच्छ पाणी काढलं. अमोघचं दोन नळ्यांत, त्या बाळाचं दोन नळ्यांत. प्रत्येकाच्या एका नळीत पातळ ॲसिड, थोडाच वेळ उकळत्या पाण्यात, मग गार करून सोडा. फसफस झाली, थांबली. शेवटी चारही नळ्यांत बेनेडिक्टचं निळं द्रावण.

"यात तांबं आहे, मावशी," तो कांचनताईंना म्हणाला. "मोकळी साखर भेटली की विटकरी होतं."

चारही नळ्या पाण्यात उतरल्या. चार निळे रंग. नीरजानं हात पाठीमागे बांधून घेतले होते. नळीला हात लावणार नाही म्हणाली होती. तिला नवसारीची गाडी दिसत होती. खिडकीतलं अमोघचं डोकं. समजा, निळीच राहिली? समजा, खरंच या बोटांचंच असेल?

अमोघची साधी नळी निळी. त्या दुसऱ्या बाळाची निळी. बाळाची ॲसिडवाली, तीही निळी.

चौथी, अमोघची ॲसिडवाली, हिरवट झाली. मग पिवळी. मग तिच्या पोटातून नारिंगी ढग उठला आणि विटेच्या रंगाचा गाळ खाली बसायला लागला.

समरजितनं नळी उजेडात धरली आणि स्वतःशीच मान हलवली. नीरजाला वाटलं होतं, असा क्षण आला तर आपण ओरडू, बोटं नाचवू, चार महिन्यांचं व्याजासकट वसूल करू. चोर सोडून संन्याशाला फाशी देत होतात ना? पण तिनं सासूबाईंकडे पाहिलं आणि ते सगळं विरलं.

प्राची वरून खाली आल्या. नळ्या बघितल्या, अमोघचं पोट दाबून बघितलं.

"साखर फोडणारं एन्झाइम कमी आहे, असं दिसतंय. पक्कं करायला पुढच्या तपासण्या लागतील, पण उपाय आजपासूनच. साखर, गूळ, केळं, गोड सिरप, सगळं बंद. पेज बेतानं. दूध द्या, आईचंसुद्धा. ग्लुकोज चालतं, म्हणून पुडीचं पाणी जसं आहे तसंच द्या, वरून काही न घालता. थोड्याच दिवसांत फरक दिसेल. होईल हा बरा."

"तुमच्या तोंडात सा—" कांचनताई सवयीनं म्हणाल्या.

आणि थांबल्या. त्यांचं तोंड तसंच उघडं राहिलं. तो शब्द ना बाहेर पडेना, ना आत जाईना. अमोघला त्यांनी हळूच नीरजाच्या हातात दिलं, म्हणजे जवळजवळ ढकललंच, आणि स्वतःचे दोन्ही हात पदराखाली घेतले.

घरी आल्यावर त्या खुर्चीत बसल्या त्या उठल्याच नाहीत. नीरजानं पुडी फोडून पाणी केलं. अमोघ भुकेनं किरकिरत होता. चांदीच्या वाटीत पाणी घेऊन ती बाहेर आली.

"तूच भरव," सासूबाई भिंतीकडे बघत म्हणाल्या. "रोज दोन दोन चमचे. मी मोजून घालत होते ग. माझ्या हातानं. मला नाही आता लावायचे हे हात त्याला."

नीरजाला ते हात चांगले ओळखीचे वाटले. तिनं स्वतःचे असेच पाठीमागे लपवले होते. राग नव्हता असं नाही. तो इतक्यात जाणारही नव्हता. पण चार महिने जिथं ती कोंडली होती तिथं आता दुसरं कुणी बसलं होतं, आणि दार लावून घ्यायला तिचं मन धजेना.

तिनं खाली बसून पदराखालचा त्यांचा उजवा हात ओढून काढला आणि त्यात चमचा दिला. आपल्या काळ्या बोटांनी त्यांची मूठ मिटली.

"सोमवारी मला पहिला तास आहे, आई," ती म्हणाली. "पोराला कोण भरवणार?"

कांचनताईंनी चमचा अमोघच्या ओठांशी नेला. त्यानं तोंड वाकडं केलं, थुंकला, आजीकडे रागानं पाहिलं. त्यांची नजर एकदा साखरेच्या डब्याकडे गेली आणि परत आली.

"खारट आहे रे, माहितेय मला," त्या म्हणाल्या, आणि रडत रडत दुसरा चमचा भरला.